अश्लेषाचे तीन सेकंद

मानसशास्त्राच्या तेवीस जर्नल्सवर सह्या करायच्या होत्या आणि सतराव्यालाच माझा हात दुखायला लागला. उद्या बाहेरचे परीक्षक येणार होते. अकरा वर्षं मी या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि अकरा वर्षं मार्चमध्ये हेच चाललंय. प्रस्तावना सहा पानं, पद्धत दोन, निष्पत्ती अर्धं पान, चर्चा चार ओळी. मियाँ मूठभर, दाढी हातभर. मी वाचत नाहीच. आकडे पाहते आणि सही ठोकते.

स्ट्रूपचा प्रयोग तसा सोपा. एका कार्डावर नुसते रंगाचे ठिपके, दुसऱ्यावर रंगांची नावं, पण भलत्याच शाईत. 'RED' हा शब्द हिरव्या शाईत, असं. प्रयोज्यानं, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करतात त्यानं, दोन्ही कार्डांवर फक्त शाईचा रंग सांगायचा. वाचायची सवय मध्ये कडमडते, म्हणून दुसऱ्या कार्डाला वेळ जास्त लागतो. आमच्याकडे हा फरक दरवर्षी वीस सेकंदांच्या आसपास येतो.

अठरावं जर्नल अश्लेषाचं होतं. ती कळमेश्वरहून बसनं येते आणि मागच्या बाकावर बसते. तिच्या निष्पत्तीत ठिपक्यांना एक्केचाळीस सेकंद आणि शब्दांना चव्वेचाळीस. फरक तीन. मी कपाळाला हात लावला आणि नाइलाजानं चर्चा वाचायला घेतली.

गृहीतकाला आधार मिळाला नाही, असं तिनं सरळ लिहिलं होतं. प्रयोज्य तिच्या शेजारच्या गोपिकाकाकू, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. कॉलेजची कार्डं इंग्रजी. जे झरझर वाचताच येत नाही, ते आडवं कसं येणार? म्हणून तिनं स्केचपेननं तसंच मराठी कार्ड बनवलं, शब्द तेवढेच, रंग तेच. त्याला काकूंना त्रेसष्ट सेकंद लागले. खरं तर सरावानं वेळ कमी व्हायला हवा होता, तो उलट वाढला. तरी एका माणसावरून सगळ्यांबद्दल काही म्हणता येणार नाही, हेही तिनं शेवटी लिहिलं होतं.

अकरा वर्षांतली ही पहिली खरी चर्चा. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला भीती वाटली. बाकीच्यांचे प्रयोज्यही कोणाची आजी, कोणाचे काका, बहुतेक मराठी शाळेतलेच. कार्डं तीच, आणि फरक मात्र सगळ्यांचा वीस. अश्लेषाचं बरोबर असेल, तर बाकीची जर्नल्स मागच्या वर्षीच्या जर्नल्सवरून उतरवलेली होती आणि 'तपासले' म्हणून खाली सही माझी होती. जूनमध्ये माझी नेमणूक पुन्हा व्हायची होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मला तेव्हा फार पटलं.

मी तिला बोलावलं. मराठी कार्ड अभ्यासक्रमात नाही, ते काढून टाक, शब्दांचा वेळ एकसष्ट कर आणि चर्चा पुस्तकातली लिही, असं सांगितलं. परीक्षकांना गोंधळ आवडत नाही, असंही वर म्हटलं. तिनं जर्नल माझ्यापुढं सरकवलं.

"चूक कुठं हाये ते दाखवा न मॅडम. मंग बदलवते."

"चूक नाही वं त्यात," मी म्हटलं. "मी थकले आता. बदलव."

तिनं जिन्यात बसून दोन पानं नव्यानं लिहिली आणि मी सही केली.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी चिवडा खात तेवीस जर्नल्स अर्ध्या तासात उलटली. वर्गाचे आकडे एकसारखे आलेत, शिस्त दिसते, म्हणाले. अश्लेषाला त्यांनी निष्कर्ष विचारला. गृहीतकाला आधार मिळाला, असं तिनं खाली मान घालून सांगितलं. त्यांनी तिला वीसपैकी अठरा दिले.

संध्याकाळी ती दप्तर घेऊन विभागाच्या दारात उभी होती. मार्क चांगले पडले, असं मी तिला म्हटलं. तिनं मान हलवली, पण ती गेली नाही.

"काकू काल विचारत होती मॅडम, माह्यामुळं तुले मार्क तं कमी नाही भेटणार न? आता मी घरी गेली का ते विचारन, माही टेस्ट कशी निघाली म्हणून. काय सांगू तिले?"

"चांगली निघाली म्हणून सांग."

"पण तिले तं काढून टाकलं न आपण त्यातून."

खरं तर मी एकटीनंच काढलं होतं. बसला उशीर होईल म्हणून मी तिला जायला सांगितलं.