गोल फिरतंय म्हणजे काम चालू आहे

दादासाहेबांच्या ट्रस्टच्या रुग्णवाहिका अ‍ॅपमध्ये काही बिघडलं तर ते कुणाला कळू नये, असं रीतसर बैठकीत ठरलं होतं. पहिल्या नमुन्यात, अ‍ॅपचा कोड लिहिणाऱ्या सुकेशनीनं लाल अक्षरात वाक्य टाकलं होतं : 'सर्व्हरशी संपर्क होत नाही. कृपया या नंबरवर फोन करा.' त्याच पडद्यावर वरच्या बाजूला दादासाहेबांचा हात जोडलेला फोटो होता. फोटोखाली असं वाक्य म्हणजे साहेबच नापास झाल्यासारखं दिसतं, असं त्यांच्या पीएचं म्हणणं पडलं. निवडणुकीचं वर्ष होतं.

"काढून टाक ते," परभणीच्या वसमत रोडवरच्या आपल्या तीन टेबलांच्या कंपनीत परत आल्यावर योगीराज म्हणाला. "नुसतं गोल चक्र फिरू दे. गोल फिरतंय म्हणजे काम चालू आहे, असं वाटतं माणसाला."

"आणि सर्व्हरच बंद असला तर?"

"तर परत विचारू दे सर्व्हरला. उत्तर येईपर्यंत विचारू दे. काय बिघडतंय?"

सुकेशनीनं तसं केलं. चूक सापडली की ती गिळायची, पुन्हा विनंती धाडायची, चक्र थांबवायचं नाही, असा सात ओळींचा कोड. खाली मजकूर : 'गाडी शोधत आहोत. कृपया स्क्रीन बंद करू नका.' दादासाहेबांना तो नम्र वाटला.

अ‍ॅप सुरू होऊन पाच महिने झाले, तेव्हा एका मंगळवारी सकाळी साडेअकराला ऑफिसचा फोन वाजला.

"हॅलो, मॅडम, मी चारठाण्याहून परमेश्वर बोलायलोय. तुमचं ते गाडीचं फिरायलंच लागलंय."

"कधीपासून?"

"पावणेअकरापासून. आईला धाप लागलीय, लय. ऑक्सिजनची गाडी पायजे म्हणले डॉक्टर. सरकारी गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन परभणीला गेली. ते स्क्रीन बंद करू नका म्हणायलंय, म्हणून मी बंद केलं न्हाई. चार्जरला लावून बसलोय. हा फोन शेजाऱ्याचा हाय, तुमचा नंबर त्यानंच हुडकला."

पाऊण तास माणूस चार्जरच्या वायरीएवढ्या अंतरात बसून होता.

"दुसरी गाडी बघा, दादा. जीप, काहीही."

"जीप दारातच हाय. पण जीपमधी ऑक्सिजन कुठंय? आन् हे तर शोधायलंय ना? निघालो आन् मागून गाडी आली तर?"

"पाच मिनिटं द्या मला."

तिनं चाचणीचा मोबाईल लॅपटॉपला जोडला आणि नेटवर्क इन्स्पेक्टर उघडला. अ‍ॅप सर्व्हरला काय विचारतं आणि सर्व्हर काय सांगतो, ते त्यात ओळीनं दिसतं. मोबाईलवर कितीही सोज्वळ चक्र फिरू दे, इथं बोलाचाली उघडी पडते. तिनं परभणीचा पत्ता टाकून गाडी मागितली. बुकिंगची ओळ उमटली आणि 'पेंडिंग' म्हणून तशीच थांबली. वीस सेकंद. चाळीस. साठाव्या सेकंदाला ओळ लाल झाली : ५०४. म्हणजे दारावरच्या सर्व्हरनं आत निरोप दिला, मिनिटभर वाट पाहिली आणि कंटाळून हात वर केले. अ‍ॅपनं ते गिळलं आणि लगेच दुसरी ओळ धाडली. ती पुन्हा पेंडिंग.

तिनं अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं आणि चारठाण्याचा पत्ता टाकला. या खेपेला उत्तर लगेच आलं : ५००. उत्तराच्या पोटात बारीक अक्षरात कारण होतं. जिंतूर तालुक्यात मोकळी गाडी नाही, आणि नसलेल्या गाडीचा नंबर वाचायला जाऊन आतला कोड आपटला होता.

जिंतूरला ट्रस्टच्या दोन गाड्या होत्या. सुकेशनीनं बुकिंगचा तक्ता उघडला. पहिली गाडी, १०:४४, नाव परमेश्वर. दुसरी गाडी, १०:४५, नाव परमेश्वर.

मग तिला सगळं एकदम दिसलं. सर्व्हर आधी गाडी राखून ठेवी, मग ड्रायव्हरला एसएमएस पाठवी आणि तो गेल्यावरच मोबाईलला 'झालं' म्हणे. एसएमएसवाल्या कंपनीचा सर्व्हर सकाळपासून गप्प होता. त्याची किती वेळ वाट बघायची, हे कुणी लिहिलंच नव्हतं. ड्रायव्हरला निरोप नाही, मोबाईलला उत्तर नाही, गाडी मात्र राखलेली. मोबाईलनं पुन्हा विचारलं. दुसरीही राखली गेली. तेव्हापासून परमेश्वरचा मोबाईल गाडी मागत होता आणि गाड्या परमेश्वरच्याच नावावर अडकल्या म्हणून सर्व्हर नाही म्हणत होता.

तिनं जिंतूरच्या ड्रायव्हरला, सटवाजीला, थेट फोन लावला.

"मामा, कुठं आहात?"

"कुठं असणार? गाडी पुसायलोय. सकाळपासून भाडंच न्हाई."

"चारठाण्याला निघा. आत्ता. पेशंटला ऑक्सिजन लागतो."

"मेसेज येऊ द्या की. मेसेजबिगर गेट सोडलं तर पगार कापतेत."

"मामा, मी सांगतेय ना! मेसेज येणार नाही!"

सटवाजी निघाला. बारा वाजून वीस मिनिटांनी त्याचा फोन आला. "म्हातारी गेली, ताई. मी पोचायच्या धा मिनिटं आधी. गाडीत सिलेंडर भरलेला हाय." शेवटचं वाक्य त्यानं हजेरी दिल्यासारखं सांगितलं.

संध्याकाळी योगीराजनं तक्ता पाहिला. "दुसरी रद्द कर. पहिली 'पूर्ण' दाखव."

"पूर्ण?"

"गाडी गेली का नाही? गेली. मग पूर्णच." थोड्या वेळानं त्यानं एसएमएसची वाट पाच सेकंदांवर आणायला सांगितलं. लाल वाक्याबद्दल पीएला विचारून बघतो म्हणाला. पीएनं कळवलं की निवडणुकीनंतर बघू.

तेरावं आटोपल्यावर परमेश्वर ऑफिसात आला. चाळिशीचा, डोकं भादरलेलं, हातात प्लास्टिकची पिशवी. योगीराज आतल्या खोलीत फोनवर होता. सुकेशनीला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. तिनं त्याची तयारी केली होती. पण त्यानं मोबाईल टेबलावर ठेवला.

"एवढं बघा, मॅडम. माझं नेट गेलतं का त्या दिवशी? थोरले दोघं भाऊ म्हणायलेत, रिचार्ज संपला आसंल, तू मोबाईल घेऊन बसलास आन् आई गेली. भावकीत तेच चाललंय. बायकोबी तेच म्हणायली आता."

सुकेशनीनं सर्व्हरची नोंदवही उघडली आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "हा तुमचा नंबर. दहा चव्वेचाळीसला तुमचं मागणं आमच्यापर्यंत पोचलं. तुमचं नेट चांगलं होतं."

"पोचलं?"

"पहिल्याच झटक्यात."

तो पडद्याकडे बघत राहिला. त्याच्या नंबरच्या ओळी खाली खाली जात होत्या. एकीलाही शेवटी २००, म्हणजे 'झालं', नव्हतं.

"हे कागदावर द्या लिहून," तो म्हणाला. "शिक्का मारून. भाऊ मोबाईलमधलं मानायचे न्हाईत."

शिक्का योगीराजच्या खणात होता. सुकेशनीनं कोरा कागद घेतला आणि मराठीत लिहिलं : परमेश्वर यांचं इंटरनेट चालू होतं. त्यांची विनंती पहिल्या वेळीच सर्व्हरला मिळाली. गाडी मिळत नाही, हे त्यांच्या मोबाईलला कळलं होतं. ते त्यांना दाखवू नये असा कोड मी लिहिला होता. खाली नाव, सही आणि स्वतःचा नंबर.

परमेश्वरनं बोट ठेवून दोनदा वाचलं.

"हे शेवटचं वाक्य खोडू का? तुमच्यावरच यायलंय ते."

"राहू द्या."

त्यानं कागद पिशवीत, दवाखान्याच्या कागदांत ठेवला आणि "येतो" म्हणून जिना उतरला.

योगीराज बाहेर आला. "चारठाण्याचा होता ना तो? काय पायजे होतं?"

"कागद."

"लिहून-बिहून दिलं नाहीस ना काही?"

"दिलं," सुकेशनी म्हणाली.