बोटं घरून आणलेली

यशवंतपूरजवळच्या आमच्या मीटरच्या कारखान्यात त्रेसष्ट साली कामांची किंमत ठरवायला समिती बसली. युनियनतर्फे टर्नर रघुजी आणि मी अनुसूया, वायंडिंगची, कंपनीतर्फे गुरुराजसाहेब. तिघंही घरी मराठी बोलणारे. सभा कन्नडात सुरू व्हायची आणि वाद तापला की मराठीत यायची.

आधी साहेबांनी सगळी कामं नुसती एकाखाली एक लावली. टूलरूम वर, झाडूवाला तळाशी, आणि त्याच्या डोक्यावर आम्ही, केसाएवढी तार गुंडाळणाऱ्या बायका. का, तर आम्ही बसून काम करतो. मी विचारलं, "साहेब, तुम्ही उभ्यानं करता का?" रघुजी खोकला.

मग गुणांची पद्धत आली. कौशल्य, श्रम, जबाबदारी, कामाची जागा. प्रत्येकाला पायऱ्या, पायरीला गुण. बेरजेवरून श्रेणी, श्रेणीवरून पगार. डोळ्यांच्या ताणाचे आणि माल बिघडण्याच्या जबाबदारीचे गुण मी भांडून मिळवले. तरी तिसऱ्या श्रेणीला तीस गुण कमी पडत होते. अडलं होतं ते शिकण्याच्या काळावर. साहेबांनी सर्वांत खालची पायरी दिली होती: वीस गुण.

"अनुसूयाबाई, बायकांची बोटं मुळातच नाजूक. विणकाम, भरतकाम घरून येतंच. शिकवायचं काय त्यात?"

मी रघुजीकडे वळले. "अण्णा, तुम्ही लोखंडाला पहिल्यांदा हात कधी लावला?"

"लहानपणीच. निपाणीला, वडिलांच्या भट्टीवर."

"म्हणजे तुम्हीही घरूनच आणलंत. सरी, ठीक आहे. साहेब, टर्नरचे शिकण्याचे गुण कापा."

"ते वेगळं," साहेब म्हणाले.

"कसं?"

रघुजीच हसला. "साहेब, अक्कानं मला बरोबर पकडलं. पण माझे कापू नका हं. तिचे वाढवा."

गुरुराजसाहेब हट्टी खरे, पण लबाड नाहीत. त्यांनी नियम स्वतःच मोठ्यानं वाचला: मोजायचं ते काम, करणारा कोण, कुठे शिकला, ते नाही. मग त्यांनी आमच्या सुपरवायझरला बोलावलं. "भरतकाम येणारी नवी मुलगी किती दिवसांत एकटी कॉइल करते?"

"तार न तुटता? सहा महिने लागतात, सर. भरतकामवाल्या तर जास्तच तोडतात. दोरा ओढायची सवय असते ना."

सहा महिने म्हणजे तिसरी पायरी, साठ गुण. साहेबांनी बेरीज केली, पुन्हा एकदा केली, आणि कागद रघुजीपुढे सरकवला. तिसरी श्रेणी, वर दहा गुण शिल्लक.

मी वायंडिंगच्या हॉलमध्ये गेले. तानूबाईनं मान वर न करता विचारलं, "काय झालं?"

"तिसरी."

तिनं हातातली कॉइल पुरी केली, तारेचं टोक बांधलं, आणि मग अख्ख्या ओळीनं टेबलं बडवली, इतकी, की शेजारच्या पॅकिंगमधली गंगव्वा दारात येऊन उभी राहिली.

"अक्का, आमचं कधी मोजणार?"

"उद्या," मी म्हटलं. "आधी सांग, पॅकिंग शिकायला किती दिवस लागतात?"