रिनच्या बापाच्या हातावरची ओळ

योस्टच्या उजव्या हातावर गोंदायच्या ओळीचा जांभळा छाप वाळत होता. तो नीट वाळल्याशिवाय सुई लावायची नाही, हा कन्निकाचा नियम. च्यांग मायच्या बाजारामागच्या तिच्या गोंदणाच्या दुकानात दुसराही एक नियम होता. परदेशी गिऱ्हाईक थाई ओळ घेऊन आलं की ती आधी चार जणांना वाचायला द्यायची. शब्दांचा अर्थ कळणं वेगळं आणि ते कोण, कधी, कुणाला म्हणतं हे कळणं वेगळं, असं ती म्हणायची.

योस्टची ओळ होती, ‘शांत झोप, बाळा’. त्यानेच भाषांतराच्या ॲपमधून काढलेली. हा डच सुतार इथल्या ओरथाईशी लग्न करून सहा वर्षं राहिलेला. मुलगी रिन सातव्या महिन्यातच झाली, एकेचाळीस दिवस काचेच्या पेटीत होती आणि उद्या घरी येणार होती. बायकोला न सांगता हे गोंदून घ्यायचं, तिला चकित करायचं, असा बेत. कन्निकाने आठवड्यापूर्वीच ओळ चौघांना पाठवली होती, वर कौतुकाने लिहिलं होतं, ‘एक बाप आपल्या तान्ह्या लेकीसाठी गोंदतोय.’ चौघांनीही छान म्हणून कळवलं. आज योस्टने खाली नाव आणि जन्मतारीखही घालायला सांगितली. नाव-तारखेत काय तपासायचं, म्हणून तिनेही घातली.

एवढ्यात बुनरुआन मावशी जेवणाचे वाडगे घेऊन आल्या. शेवयांची गाडी त्यांची. वाडगा ठेवताना नजर योस्टच्या हातावर गेली, तशा त्या थबकल्या. दोन्ही हात जोडून त्यांनी मान खाली घातली.

“एकच तारीख,” त्या हळूच म्हणाल्या. “जन्मली त्याच दिवशी गेली होय रे पोर?”

योस्टला अर्धंच कळलं. आशीर्वाद समजून तो हसला. “हो मावशी. माझी मुलगी.”

मावशी डोळे पुसत निघून गेल्या. आता कन्निकालाही ती ओळ पहिल्यांदा वाचल्यासारखी दिसली. मेलेल्याच्या चितेपुढे ठेवतात त्या पुष्पचक्रावर असते ती ओळ. खाली नाव, खाली तारीख.

तिने प्रयून सरांना फोन लावला. चौघांतले ते सगळ्यात जाणते, तीस वर्षं भाषा शिकवलेले.

“सर, खरं सांगा. ओळ वाचल्यावर आधी काय वाटलं होतं?”

“मनात चर्र झालं होतं, बाई. पण तूच लिहिलंस, बाप हौसेने करतोय. त्याच्या हौसेत मी कशाला खडा टाकू?”

“मी तुम्हाला तेवढ्यासाठीच विचारलं होतं, सर.”

पण चूक सरांची नव्हती. उत्तर तिनेच आधी सांगून टाकलं होतं. समोरच्याचं मन राखण्यात आपल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही, हे तिला ठाऊक असायला हवं होतं.

तिने स्पिरिटचा बोळा घेतला. योस्टला सगळं सरळ सांगितलं आणि छाप पुसायला लागली. तो पुसणाऱ्या हाताकडे बघत राहिला.

“मी हे रोज म्हणायचो,” तो म्हणाला. “एकेचाळीस दिवस. घरी निघताना, काचेला तोंड लावून. मोठ्याने. नर्स डोळे पुसायच्या. मला वाटायचं, किती मायाळू आहेत.”

मग त्यानेच बायकोला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. बेत फुटला तर फुटला.

“ओरथाई, मी रिनला काय म्हणायचो, तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू दिवसभर राबून यायचास. तुझ्याकडे तिला द्यायला तेवढेच शब्द होते. ते कसे काढून घेऊ? तू गेलास की मी आत जायचे. तिच्या कानात सांगायचे, सकाळी ऊठ हं, बाळा. रोज. तुझं पुसलं जावं म्हणून.”

योस्टने डोळे मिटून घेतले. मग त्याने कागद मागितला आणि बायकोची ओळ, नाव, तारीख फोनवर तिच्याकडून अक्षर न् अक्षर लिहून घेतली.

“हे गोंद,” तो कन्निकाला म्हणाला.

“थांब.”

ती कागद घेऊन रस्त्यावर आली. समोर एक अनोळखी रिक्षावाला टेकून बसला होता. तिने एक अक्षर न बोलता कागद त्याच्यापुढे धरला. त्याने वरपासून खालपर्यंत वाचलं, नाव आणि तारीखसुद्धा.

“काय वाटतं, दादा?”

“वाटायचं काय त्यात?” तो जांभई देत म्हणाला. “कुणाचं तरी पोर शाळेला उठत नसेल.”