मधली फ्रेम

बंड्याला घरात बंड्या म्हणत आणि बाहेर एडिटर. चाळिशी उलटली, डोक्यावरचं छप्पर उडालं, तरी बंड्याचा काही बंडोपंत झाला नाही. झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत दोन स्क्रीन, एक कुरकुरणारी खुर्ची आणि कायम बंद खिडकी, एवढा त्याचा संसार. लग्नं, वाढदिवस, शाळांची संमेलनं, आलं ते काम तो कापायचा आणि जोडायचा.

कामात मात्र हात गोड होता, हे कुणीही कबूल केलं असतं. कुठला क्षण पळवायचा आणि कुठला रेंगाळू द्यायचा, हे त्याला आतून कळायचं. ‘स्लो मोशन म्हणजे लिंबू,’ असं तो म्हणे. ‘पिळावं तेवढंच. पुढे पिळलं की कडू.’ आता हे ज्ञान लोकांना शिकवणाऱ्याने स्वतः किती लिंबू पिळलं, त्याचीच ही गोष्ट.

बंड्याची भाची पोहायची. पंधरा वर्षांची पोर, पाण्याबाहेर जेमतेम चार शब्द बोलणारी. तिला सगळे मासोळी म्हणत. रविवारी तिची शंभर मीटर फ्रीस्टाईलची शर्यत झाली. पहिली येईल तिलाच वरच्या स्पर्धेच्या संघात जागा, दुसरीला नुसत्या टाळ्या. मासोळी चौथ्या लेनमध्ये आणि तिची मैत्रीण पाचव्या. ‘दोघी एकमेकींना पाण्यात पाहतात,’ असं बंड्याची ताई, म्हणजे मासोळीची आई, दर वेळी म्हणायची आणि स्वतःच्याच विनोदावर हसायची. खरं तर दोघी पोरी एकाच डब्यातून खायच्या.

शेवटी दोघी बरोबरच भिंतीला टेकल्या. घड्याळांत वेळ सारखीच आली, तेव्हा पंचाने डोळ्यांनी पाहिलं तसा क्रमांक दिला. पाचवी लेन पहिली, चौथी दुसरी. ताईच्या तोंडचं पाणीच पळालं. मासोळी टॉवेल डोक्यावर घेऊन बसून राहिली.

बंड्याने बाजूच्या कठड्यावरून शूटिंग केलं होतं. पोरीचं मन रमावं म्हणून त्याच संध्याकाळी त्याने क्लिप बनवली. सुरुवातीचे हात नेहमीच्या वेगाने, मधलं अंतर दुप्पट वेगाने आणि शेवटच्या हाताला वेग हळूहळू उतरवत वीस टक्क्यांवर आणला. झटका न बसता, गाडी स्टॉपवर यावी तसा. मासोळीचा हात लांबच लांब होत भिंतीकडे सरकतोय, पाण्यावर प्रकाश, बोटं टेकतात आणि तिथे चित्र गोठतं. दीड सेकंद कुणी हलत नाही. मग एकदम पूर्ण वेग आणि पाण्याचा फवारा. बंड्या स्वतःच्याच कामावर खूश झाला.

क्लिप सगळ्या नातेवाइकांत फिरली. आणि त्या गोठलेल्या चित्रात काकाने, काकूने, क्लबातल्या सरांनी, सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली. मासोळीची बोटं भिंतीला टेकली आहेत आणि पाच नंबरवालीचा हात अजून फेसात आहे. अरे! म्हणजे आपलीच पोरगी पहिली! ताईने ते चित्र फोनच्या पडद्यावर लावलं, सोमवारी अर्ज केला आणि निवड समितीने बुधवारी चार वाजता पुराव्यासकट बोलावलं.

‘बंड्या, तेवढी फ्रेम मोठी छापून ठेव,’ ताईचा फोन आला. ‘अशी मोठी, की पंचाला चष्मा लागू नये. दोनला येते, पोरीलाही आणते.’

‘ठेवतो ताई.’

बुधवारी एकच्या सुमाराला त्याने ती फ्रेम मोठ्या स्क्रीनवर पूर्ण आकारात उघडली. फोनसाठी केलेली क्लिप, इतकी मोठी त्याने कधी पाहिलीच नव्हती. रंग जरा उजळावा म्हणून तो जवळ गेला आणि त्याचा हात माऊसवरच थांबला.

भिंतीवरच्या फरशीची काळी रेघ मासोळीच्या बोटांपाशी वाकली होती. कणीक ओढावी तशी. फरशी काही वाकत नाही. आणि नीट पाहिलं तर तिची मधली दोन बोटंही एकात एक मिसळली होती.

बंड्याला लगेच कळलं, कारण हे त्याचंच पाप होतं. त्याचा कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं घेतो. वेग पाचपट कमी केला की जिथे एक चित्र होतं तिथे पाच लागतात. उरलेली चार आणायची कुठून? एकच चित्र पाच वेळा दाखवलं तर हालचाल गचके खाते. दोन चित्रं एकमेकांवर विरघळवली तर हाताचं भूत दिसतं. म्हणून त्याने तिसरा पर्याय निवडला होता. आधीचं आणि नंतरचं चित्र पाहून संगणकच मधली चित्रं अंदाजाने तयार करतो. दिसायला लोण्यासारखं. आणि त्या लोण्यातली सगळ्यात देखणी फ्रेम शोधून बंड्याने ती गोठवली होती.

म्हणजे ज्या क्षणावर ताई चार वाजता भांडणार होती, तो क्षण कॅमेऱ्याने पाहिलाच नव्हता.

त्याने मूळ शूटिंग उघडलं. एका फ्रेममध्ये मासोळीची बोटं भिंतीपासून चार बोटं लांब, पाच नंबरवालीचा हात फेसात. लगेच पुढच्या फ्रेममध्ये दोघींचे हात भिंतीवर. मध्ये सेकंदाचा पंचविसावा भाग, आणि जे व्हायचं ते तेवढ्यात होऊन गेलेलं. मासोळीचा हात स्वच्छ दिसत होता म्हणून संगणकाने तो सरळ पुढे नेला. दुसरीचा हात फेसातून त्याला ओळखता आला नाही, म्हणून फेस तसाच ठेवला. संगणकाने काही लबाडी केली नव्हती. लबाडी नव्हती बंड्याचीही, पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

दोनला ताई आली. मागे मासोळी, केस ओले, खांद्यावर पिशवी.

‘झालं छापून?’

‘ताई, बस.’

‘बसायला वेळ कुणाला आहे? दाखव.’

बंड्याने दाखवलं. वाकलेली रेघ दाखवली, मिसळलेली बोटं दाखवली, मग मूळच्या दोन फ्रेम. ताई कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिली.

‘हे बघ, मला तुझं ते अंदाजाचं काही सांगू नकोस. चित्र आहे ना समोर? कॅमेरा कधी खोटं बोलतो का?’

‘कॅमेरा नाही बोलला गं. मी बोललो. नकळत बोललो, पण मीच.’

‘आणि ती रेघ? कोण बघणार आहे ती रेघ?’

‘मी बघितली की.’

‘तू!’ ताईचा आवाज चढला. ‘तू आला मोठा हरिश्चंद्र! लग्नात नवऱ्यामुलीचे मुरूम पुसतोस तेव्हा कुठे जातो तुझा खरेपणा? चार वर्षं पहाटे पाचला उठून पोरीला पाण्यावर नेलंय मी. हिवाळ्यात, बंड्या! एका रेघेपायी सगळं पाण्यात घालू?’

मुरमाचं खरंच होतं. ताईचे डोळे भरले होते आणि ते लपवायला ती आणखी चिडत होती. थोरल्या बहिणीला रडताना पाहिलं की त्याला अजूनही सहा वर्षांचा झाल्यासारखं वाटे. एक क्षण त्याच्या मनात आलंही, की ती रेघ सरळ करायला दोन मिनिटं लागतात. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

‘मामा,’ मासोळी म्हणाली. दोघं दचकले, ती खोलीत आहे हेच विसरले होते. ‘क्लिप लाव ना. तुझी. मोठ्यावर.’

त्याने लावली. हात आले, पळाले, मग वेग उतरत गेला. लांब झालेला हात पाण्यावरून सरकू लागला, शांत, सुंदर. बोटं टेकली. चित्र थांबलं.

‘हे तू इतकं हळू का केलंस?’ मासोळीने विचारलं.

‘तो सगळ्यात छान भाग म्हणून.’

‘तिथेच मी हरले.’

पोरीने आयुष्यात पहिल्यांदाच एवढं बोलायला घेतलं होतं.

‘सर रोज ओरडतात, भिंतीपाशी सरकायचं नाही, हात मारायचा. भिंत फोडायची. मी शेवटचा हात लवकर टाकला आणि मग नुसती सरकत राहिले. मला पाण्यातच कळलं होतं. पण मग तुझी क्लिप आली, सगळे म्हणाले मी पहिली, आणि मलाही वाटायला लागलं. किती छान दिसतंय ना ते?’ तिने पडद्याकडे बोट केलं. ‘मी रोज रात्री बघते. मला आवडतं ते. मला लाज वाटते त्याची.’

ताई खुर्चीत बसली. खुर्ची कुरकुरली.

‘मूळ शूटिंग दे, मामा. तसंच. काही न करता.’

बंड्याने मूळ शूटिंग लावलं आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. बाणाचं बटण एकदा दाबलं की एक फ्रेम पुढे, एवढंच सांगितलं. मासोळीने शेवटचा हात पाण्यात शिरला तिथे चित्र थांबवलं आणि मग एक एक बटण दाबत मोजायला लागली. तिचा हात सरळ, हलत नाही, नुसता पुढे जातोय. बाजूच्या लेनमध्ये पाणी नुसतं उकळतंय. दुसरीने तेवढ्यात आणखी एक अर्धा हात ओढला होता, तो फेसाआडूनही कळत होता. आजपर्यंत कुणी तिच्या लेनकडे पाहिलंच नव्हतं, बंड्यानेसुद्धा नाही.

‘नऊ,’ मासोळी म्हणाली. ‘दहा. अकरा.’

अकराव्या बटणाला दोन्ही हात भिंतीवर होते.

‘अकरा फ्रेम मी काहीच केलं नाही,’ ती म्हणाली. ‘आई, पहिली कोण ते मला खरंच माहीत नाही. पण ती हात मारत होती आणि मी सरकत होते.’

ताईने पदराने नाक पुसलं. फोन काढला, पडद्यावरच्या त्या चित्राकडे बराच वेळ पाहिलं, आणि त्याच्या जागी पोरीचाच जुना, दात पडलेला फोटो लावला. मग बंड्याकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘त्या दोन मूळच्या फ्रेम छाप. लहानच छाप. समितीला दाखवीन आणि अर्ज मागे घेईन. ऊठ गं, तीन वाजले. मागे घ्यायलासुद्धा वेळेवर जावं लागतं.’

मासोळी उठली नाही. तिने बाण उलटा दाबत हात पुन्हा पाण्यात शिरला तिथपर्यंत नेला.

‘एकदाच, आई,’ ती म्हणाली, आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.