हो म्हणणाऱ्यांची टक्केवारी

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधांच्या खिडकीशेजारी, फोनची खिडकी होती. तिच्या आत बावीस वर्षं एक बाई बसत होत्या. त्यांना सगळे मावशी म्हणत, अगदी त्यांच्याहून वयानं मोठे असलेले हृदयरोगतज्ज्ञसुद्धा. फोन करून डॉक्टरांची वेळ घ्यायची असेल तर मावशींशी बोलावं लागे. आता तसं लागणार नव्हतं. एका कंपनीनं बोलणारं यंत्र आणलं होतं. दोन आठवड्यांची चाचणी, शुक्रवारी बैठक आणि चाचणी पास झाली की पहिल्या तारखेपासून खिडकी बंद. मावशींना हे शिपायाकडून कळलं, कारण महत्त्वाच्या गोष्टी संबंधित व्यक्तीला सर्वांत शेवटी सांगण्याची रुग्णालयात पद्धत होती.

कंपनीच्या साहेबांना टक्केवारीशिवाय बोलता येत नसे. चहा कसा झालाय विचारलं तरी ते "ऐंशी टक्के" म्हणत. चाचणीचा त्यांचा लाडका आकडा होता शहाण्णव. म्हणजे असं, की यंत्र रोग्याचं ऐकून घेई, त्यावरून विभाग ठरवी आणि परत विचारी, "तुम्हाला अमुक विभागाची वेळ हवी आहे. बरोबर?" यावर शंभरातले शहाण्णव जण हो म्हणत होते. साहेबांच्या मते याचा अर्थ यंत्राला शंभरातलं शहाण्णव कळत होतं.

या शहाण्णवांचं रेकॉर्डिंग ऐकणारी एकच व्यक्ती कंपनीत होती. भाषाशास्त्रात एम. ए. करून ती दिवसभर कानाला हेडफोन लावून बसे आणि लोक खरंच काय बोलले ते टाइप करी. यंत्राला काय ऐकू आलं, ते शेजारच्या रकान्यात असे. दोन्ही रकाने एकत्र वाचणारी पगारी माणूस तीच. तिला कोणी काही विचारत नसे.

मंगळवारी ती मावशींच्या खिडकीशी आली.

"मावशी, एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, 'भवंड येतंय'. यंत्रानं लिहिलं, 'भाऊ येतोय'."

"चक्कर येतेय म्हणत असतील बिचारे. मग?"

"मग यंत्राला वाटलं, भाऊ भेटायला येतोय. म्हणून विचारलं, 'तुम्हाला रुग्णाला भेटण्याची वेळ हवी आहे. बरोबर?' ते म्हणाले, 'हो, वेळ हवी'."

"चार ते सहा दिली असेल."

"चार ते सहा."

मावशींनी रजिस्टर मिटलं. "आडनावांचं काय करतं गं ते?"

"जे आडनाव माहीत नाही, त्याच्या जवळचं माहितीतलं टाकतं. आठवड्यात एकाच आडनावाचे एकेचाळीस रोगी झालेत. साहेबांना वाटलं, मोठं घराणं दिसतंय."

"आणि कुणी नाही म्हटलं तर?"

"तर पुन्हा विचारतं. तेच शब्द पुन्हा ऐकतं, तसंच चुकतं, तेच परत विचारतं. एकदा नाकारलेलं बाजूला ठेवावं, एवढंही कुणी त्याला शिकवलेलं नाही. तिसऱ्या खेपेला माणूस थकून हो म्हणतो. आधी दोनदा 'नाही' आलं की फोन तुमच्याकडे यायचा. साहेबांनी ते काढून टाकलं. आकडा खाली जात होता."

"हो म्हणायला कुणाचं काय जातं," मावशी म्हणाल्या. "डॉक्टरांच्या दारात माणूस नाही म्हणतच नाही. समोरचा शिकलेला, आवाज घोटलेला, आपण अडाणी. त्याला कळलंच असेल, असं धरून चालतो. मी म्हणून आधी चुकीचं विचारते."

"म्हणजे?"

"गुडघा दुखतोय म्हणाला, की मी विचारते, 'खांद्याच्या डॉक्टरांकडे ना?' 'अहो खांदा नाही, गुडघा!' असा ओरडला, तर माणूस जागा आहे. मग त्याच्या 'हो'ला अर्थ आहे. खांद्यालाही हो म्हणाला, तर त्याला उभं-आडवं सगळं विचारते. कुठं दुखतं, चढताना की उतरताना, आडनाव तुमच्या तोंडानं पुन्हा सांगा. जो चुकीला हो म्हणतो, त्याला बरोबर का म्हणून विचारण्यात काय अर्थ आहे?"

ऐकणारीनं हे वहीत लिहून घेतलं. बावीस वर्षांत मावशींचं वाक्य पहिल्यांदाच कुणीतरी लिहून घेत होतं.

तिनं तेच साहेबांना सांगितलं. साहेब हसले. "मुद्दाम चुकीचं बोलणारं यंत्र? ग्राहकाला काय वाटेल?"

"सध्या ते मुद्दाम नसताना बोलतंय, सर."

"तू फार नकारात्मक आहेस," साहेब म्हणाले आणि तिला पुढच्या शंभर फायली पाठवल्या.

ती मग रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे गेली. सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग दार ओढून घेता घेता म्हणाले, "मावशींची युक्ती शुक्रवारी करून बघू. फक्त यंत्राच्या चाचणीच्या प्रतीत. साहेबांना आधी सांगू नका."

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत लांब टेबल, आठ खुर्च्या आणि भिंतीवर पडदा. मावशींना बोलावलं होतं, पण खुर्ची नव्हती. त्या दाराशी उभ्या राहिल्या. साहेबांनी शहाण्णवचा आलेख दाखवला. आलेख हिरवा होता, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या.

"प्रात्यक्षिक होऊन जाऊ दे," मोठे डॉक्टर म्हणाले. "तुम्हीच बोला."

साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला आणि बातम्या सांगतात तशा आवाजात म्हणाले, "माझ्या दाताला ठणका लागला आहे. मला उद्या सकाळची वेळ हवी आहे."

यंत्रानं सगळं अचूक ऐकलं. पडद्यावर अक्षर न् अक्षर बरोबर उमटलं. साहेब वळून त्याच्याकडे बोट दाखवू लागले, "बघा, ठणकासुद्धा..."

तेवढ्यात यंत्र गोड आवाजात म्हणालं, "तुम्हाला प्रसूती विभागात, उद्या सकाळी दहाची वेळ हवी आहे. बरोबर?"

"हो, हो, अगदी बरोबर," साहेब म्हणाले.

पडद्यावर हिरवी खूण उमटली. खोलीतले सगळे तिच्या शेजारचं 'प्रसूती विभाग' वाचत होते. साहेबांनाच काय ते कळलं नव्हतं. ते आलेखावर परत आले होते.

"अभिनंदन, साहेब," दारातून मावशी म्हणाल्या. "कितवा महिना?"

हसू आवरण्याचा प्रयत्न फक्त हिशेबनिसांनी केला आणि त्यांना ठसका लागला. साहेबांनी पडदा वाचला, मग ऐकणारीकडे पाहिलं. "हा घातपात आहे."

"मी परवानगी दिली होती," मोठे डॉक्टर म्हणाले. "तुम्ही स्वतः यंत्र विकता, शुद्ध बोलता, खोली शांत आहे, दुखतही नाहीये. तरी तुम्ही हो म्हणालात. चक्कर येणारा माणूस काय म्हणेल?"

"पण तांत्रिकदृष्ट्या हा आपला सत्त्याण्णवावा टक्का..." साहेबांच्या तोंडून गेलं. सवय.

निर्णय त्याच दिवशी झाला, म्हणजे आदेश दहा दिवसांनी निघाला. यंत्र राहणार होतं, कारण त्याचं उद्घाटन ठरलं होतं. पण आधी ते चुकीचं विचारणार, दोनदा 'नाही' आलं की फोन खिडकीकडे जाणार आणि चुकीलाही हो म्हणणाऱ्या प्रत्येकाला खिडकीतून उलटा फोन लागणार. कंपनीनं आपल्या माहितीपत्रकात याला 'मानवी पडताळणीची प्रगत सुविधा' म्हटलं.

मावशींची खुर्ची राहिली. नव्या आदेशात त्यांना पदनामही मिळालं, 'पुष्टी-पडताळणी सहायक'. त्यांनी तो कागद आस्थापना विभागाच्या कारकुनापुढे धरला.

"हे काय काम असतं हो?"

कारकुनानं चष्मा वर केला. "तुमचंच, मावशी. फक्त आता यंत्रानं चुकवल्यावर करायचं."

मावशींनी सही केली, खिडकीत जाऊन बसल्या आणि चुकीला हो म्हणणाऱ्यांच्या यादीतल्या पहिल्या म्हाताऱ्याला फोन लावला.

"काका, पायाच्या डॉक्टरांकडे जायचंय ना?"

"हो हो," पलीकडून आवाज आला.

"बरं," मावशी म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. "आता सावकाश सांगा, काय होतंय?"