एकवीस चिंचोके

सुलेखाची सहा वर्षांची विशाखा महिनाभर आईशी धड बोलत नव्हती. वर्गात कोण पडलं, कोण रडलं, सगळं आजीच्या कानात. आई दिसली की तोंड बंद. शेंद्र्याच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या सुलेखानं घरी नियमच केला होता ना, आईशी इंग्रजीतच बोलायचं!

हाच घोर मनात घेऊन ती छावणी भागातल्या शिक्षकांच्या कार्यशाळेत बसली होती. समोर भानुमतीबाई, छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या.

"दर वाक्याला अडवलं की पोरगं चुका करायचं सोडत नाही, बोलायचं सोडतं," बाई म्हणाल्या. "सराव घेताय, तिथं लगेच सुधारा. अर्थच लागत नसेल तर विचारा. पण ते काही सांगत असेल तर ऐका! चुका टिपून ठेवा, दोन-तीन मागाहून घ्या. नाहीतर त्याचंच वाक्य नीट करून उत्तरात वापरा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुलेखानं जरा जास्तच, बी.एड.ला हेच लिहून तिला चांगले मार्क पडले होते.

"कळलं सगळं? बघूच," म्हणत बाईंनी जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीला मूठभर चिंचोके आणि एक वाडगा दिला. एकानं आपली सकाळ कशी गेली ते इंग्रजीत सांगायचं. दुसऱ्याला सुधारायची हुक्की आली की वाडग्यात चिंचोका टाकायचा, बोलायचं नाही.

सुलेखाच्या वाट्याला गंगापूरचे सांडूसर आले. "मॅडम, आपलं इंग्रजी लई कच्चं हाय. हसू नका."

पण गोष्ट काय फक्कड! सकाळची जीप, जीपमध्ये बोकड, बोकडाशेजारी हेडमास्तर, हेडमास्तरांच्या मांडीवर सहीशिक्क्याचा कागद. चिंचोके टपाटप पडत होते. बोकडानं मान लांबवली, कागद धरला, हेडमास्तरांनी दुसरं टोक ओढलं, आणि...

"भूतकाळ, सर!" सुलेखाच्या तोंडून निसटलंच.

सांडूसरांनी ओठ मिटले.

"पुढं?"

"काय नाय. संपलं."

ते मिटलेले ओठ तिनं कुठं पाहिले होते, हे तिला सांगायला नको होतं.

"वाडग्यात किती?" मागून भानुमतीबाई.

"एकवीस."

"आणि गोष्ट?"

"अर्धी."

चहाच्या सुट्टीत तिनं स्वतः कप नेऊन सरांची मनधरणी केली. "कसंही सांगा सर, मी मूठ आवळून बसते." सरांनी सांगितलं. कागद बोकडानं खाल्ला, शिक्क्याची शाई दाढीला लागली, आणि हेडमास्तर पुरावा म्हणून बोकडालाच ऑफिसात घेऊन गेले. सुलेखा हसून हसून लाल.

घरी येताच तिनं विशाखाला तीच गोष्ट सांगितली. पोर खिदळली, आणि भीत भीत स्वतःचं सुरू केलं: डबा, मांजर, टीचरची पर्स. अख्ख्या इंग्रजीची पार खिचडी. सुलेखाच्या मुठीत कार्यशाळेतून आणलेले चिंचोके घामेजले.

"अगं, तसं नसतं म्हणत..." विशाखाच्या बाबानं, राजेंद्रनं टीव्हीवरून मान वळवली.

सुलेखानं त्याच्या तळहातावर एक चिंचोका ठेवला.

"हे काय?"

"तुमचा पहिला. गप बसा. हं, विशू, मांजर पर्समध्ये शिरलं? पुढं?"

विशाखानं आईकडं निरखून पाहिलं. मग आजीकडं वळून हळूच विचारलं, "आजी, आईला बरं नाहीय का गं?"

पण लगेच आईच्या मांडीवर चढली आणि पुढचं सांगू लागली.