सम ‘को’वर

“आधी बोलून बघ गं बाय, मगे गा. बोलताना जंय जोर पडता, थंयच ढोलकी पडूक होयी.” वनमालाकाकूंनी ओव्या शिकवताना हे बजावलं होतं, आणि चारकोपच्या त्या गाळ्यातल्या स्टुडिओत, काचेअलीकडे उभ्या गार्गीच्या कानात आता तेच घुमत होतं.

काचेपलीकडे गौरीच्या निरोपाच्या गाण्याचं ध्रुवपद म्हणणाऱ्या बायका पुन्हा अडखळल्या. देवदत्तने, गार्गीच्या दिराने, हेडफोन आपटला.

“तालाची अक्कल नाही एकीलाही! वहिनी, कुठून उचलून आणलीत ही वरात?”

“आपल्याच सेक्टरमधल्या आहेत, भावोजी. आणि चूक त्यांची नाही.”

“मग माझी?”

“नको जाऊ गौरी, नको जाऊ. एकदा नुसतं बोलून बघा.”

“मी बोलत नाही, संगीत देतो.”

गार्गीने आवाज न चढवता माइकवर स्वतःच ओळ उच्चारली आणि टाळी दिली. टाळी ‘को’वर पडली. बायकाही आतून बोलल्या, त्यांचीही ‘को’वरच. देवदत्तच्या ट्रॅकमध्ये मात्र समेचा, तालाच्या पहिल्या मात्रेचा, ‘धा’ ‘न’वर होता. त्यामुळे ‘नको’चं ‘नाको’ होई, आणि विनवणारी बाई नाक मुरडल्यासारखी वाटे.

“चाल ‘ना ना ना’वर बांधलीत ना? ‘ना’ला सगळीकडे सारखंच वजन. अक्षरं मोजून शब्द बसवले मी, वजन बघितलंच नाही. तेवढं माझं चुकलं.”

“चुकलं ना? मग बदला! ‘थांब गं गौरी’ लिहा. ‘थांब’ समेवर चपखल बसतं. झालं.”

बसत होतंच, ते तिलाही कळलं. पण निरोपाच्या वेळी गौरीसमोर बायका रडत म्हणतात ते ‘नको जाऊ’च. काकूंना अंथरुणाला खिळल्यापासून तेच ऐकायचं होतं, आणि ते शब्द हलवणार नाही, असं गार्गीने त्यांचा हात धरून सांगितलं होतं.

“शब्द राहू दे, भावोजी. ‘न’ समेआधीच्या शेवटच्या मात्रेवर घेऊ, ‘को’ समेवर दोन मात्रा. ‘गौ’ आहे तिथेच, पाचवीवर. ट्रॅकला हातही लागत नाही.”

देवदत्तने मनातल्या मनात मोजलं. बरोबर होतं, म्हणूनच तो जास्त भडकला.

“ओव्या म्हणता म्हणता आता मला तालही शिकवणार का? ऐका. उद्या अकराला माझ्या दोन गायिका येतायत. त्याआधी यांनी ‘न’ समेआधी उचलला, तर ठेवतो. एक जरी चुकली, तर ‘थांब गं’, आणि तुमच्या बायका घरी.”

“वैनी, ऱ्हवांदे गो,” आतून सुनंदा पुटपुटली. “हेच्या तोंडाक कोण लागतलो?”

“लागायचं नाही. आता सगळ्याजणी वनमालाकाकूंकडे चला, तालीम तिथेच.”

तिने पर्स उचलली, चपला घातल्या. पाठीमागे देवदत्तने मुद्दाम मोठ्याने जुनाच ट्रॅक लावला. जिना उतरताना गार्गी ओठांतल्या ओठांत बोलत होती, टाळी मांडीवर हळूच: न... को जाऊ. न... को.

मागून येणाऱ्या बायकांच्या टाळ्या तिच्या टाळीला मिळत गेल्या.